n = 30 घेतले तरी सरासऱ्यांचा आलेख उजवीकडे झुकलेलाच का राहतो?

आलेखवेडी

केंद्रीय सीमा प्रमेय समजावण्यासाठी एक छोटं सिम्युलेशन बनवते आहे. फासे आणि नाणी घेऊन सगळेच दाखवतात, पण त्यात प्रमेयाची खरी कसोटी लागत नाही. म्हणून मुद्दाम तिरपं वितरण घेतलं: लोकांचं उत्पन्न. चलनाची भानगड नको म्हणून मध्यक उत्पन्न 1 धरलं आणि लॉगनॉर्मल घेतलं, लॉगच्या बाजूला सरासरी 0 आणि प्रमाण विचलन 1. अशा समाजात सरासरी उत्पन्न 1.649 येतं आणि साधारण 69 टक्के लोक सरासरीच्या खाली असतात. म्हणजे उत्पन्नाला शोभेल इतका तिरपेपणा आहे.

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
B = 20000
for n in (5, 30, 100, 1000):
    m = rng.lognormal(0, 1, size=(B, n)).mean(axis=1)
    z = (m - m.mean()) / m.std()
    print(n, m.std().round(3), (z**3).mean().round(2))
```

शेवटचा आकडा म्हणजे सरासऱ्यांचा स्क्यूनेस. सगळीकडे वाचलंय की n 30 झाला की सरासऱ्या नॉर्मल दिसतात. माझ्याकडे n = 30 ला स्क्यूनेस 1.1 च्या आसपास येतोय आणि हिस्टोग्रामला उजवीकडे चांगलं लांब शेपूट आहे. B 20 हजारांवरून 2 लाख केला, काडीचाही फरक नाही. कोड चुकलाय की 30 चा नियम चुकलाय?

दशमांश

30 चा नियम चुकीचा नाही, इतकी वर्षं लोक वापरतायत. बिन किती घेतलेत? 200 बिन घेतले की कुठलाही आलेख दातेरी दिसतो. 30-40 बिन करा. आणि B आणखी वाढवून बघा. शेवटी प्रमेय 'अनंताकडे जाताना' असं म्हणतं, 2 लाख म्हणजे अनंत नव्हे.

समाकलन

दशमांश, बिनचं ठीक, पण B चं नाही. अनंताकडे जायचं आहे ते n ने, B ने नाही. n ठरवतो की सरासऱ्यांच्या वितरणाचा *आकार* कसा आहे. B फक्त ठरवतो की तो आकार तुम्हाला किती स्वच्छ दिसतो. B वाढवला तर आलेखवेडी यांना तेच तिरपं वितरण अधिक सुबक दिसेल, इतकंच. त्यांना फरक दिसला नाही ते बरोबरच आहे.

आता मूळ प्रश्न. कोड बरोबर आहे. या लॉगनॉर्मलचा स्वतःचा स्क्यूनेस 6.18 आहे. n स्वतंत्र उत्पन्नांच्या सरासरीचा स्क्यूनेस म्हणजे मूळ स्क्यूनेस भागिले √n. हे प्रमेयाच्या सीमेतलं नाही, प्रत्येक n ला अचूक लागू आहे. 6.18 / √30 = 1.13. तुमचं उत्तर आलं. n = 100 ला 0.62 आणि n = 1000 ला 0.20 यायला हवं. n = 5 ला 2.77 यायला हवं, पण तिथे प्रत्यक्ष आकडा प्रत्येक सीडला बराच इकडेतिकडे होईल, कारण तिसऱ्या घाताला एखाद-दोन अवाढव्य सरासऱ्याच सगळं वजन देतात. तो आकडा जुळला नाही म्हणून कोडमध्ये किडा शोधत बसू नका.

हा 1/√n कुठून येतो ते पाहिलं की 'नॉर्मल का दिसतं' हेही सुटतं. स्वतंत्र गोष्टींची बेरीज करताना व्हेरिअन्सची नुसती बेरीज होते आणि तिसऱ्या क्युम्युलंटचीही नुसती बेरीज होते. म्हणजे दोन्ही n पट. पण स्क्यूनेस काढताना तिसऱ्याला प्रमाण विचलनाच्या घनाने भागतो, आणि तो घन n√n पट झालेला असतो. उरतं 1/√n. चौथ्याचा हिशोब केला तर 1/n उरतं, पाचव्याचा त्याहून लवकर मरतो. नॉर्मल वितरणात तिसऱ्यापासून पुढचे सगळे क्युम्युलंट शून्य असतात. म्हणजे नॉर्मलपणा बेरजेत कुठून तरी *येतो* असं नाही, बाकीची सगळी वैशिष्ट्यं मोजपट्टीच्या तुलनेत झिजून जातात आणि सरासरी व व्हेरिअन्स एवढंच शिल्लक राहतं. सगळ्यात चिवट वैशिष्ट्य म्हणजे तिरपेपणा, म्हणून उत्पन्नासारख्या डेटात तोच शेवटपर्यंत दिसत राहतो.

(क्युम्युलंटचा हा मार्ग सगळे मोमेंट सांत असतील तरच चालतो. प्रमेयाला तेवढंही लागत नाही, सांत व्हेरिअन्स पुरतो.)

आलेखवेडी

म्हणजे 30 ला काही विशेष अर्थ नाही?

समाकलन

30 ही एका गृहीतकाची सावली आहे: मूळ डेटा फार तिरपा नाही. तुमच्याच मॉडेलमध्ये sigma बदलून बघा. सरासरीचा स्क्यूनेस 0.2 च्या खाली आला की हिस्टोग्राम डोळ्यांना सममित वाटतो. हा 0.2 माझ्या डोळ्याचा, कुठल्या प्रमेयाचा नाही. तिथवर पोचायला sigma = 0.5 असताना n साधारण 77 लागतो, 0.75 असताना 266 आणि 1 असताना 956. sigma दुप्पट झाला आणि लागणारा नमुना बारा पट झाला. विषमतेच्या भाषेत सांगायचं तर sigma 0.5 म्हणजे गिनी 0.28 आणि sigma 1 म्हणजे गिनी 0.52. दोन्ही वास्तवात सापडण्याजोगी आहेत. त्यामुळे 'उत्पन्नासाठी n किती' या प्रश्नाला एकच आकडा देणारा माणूस कुठल्या उत्पन्नाबद्दल बोलतोय ते आधी विचारा.

दशमांश

मान्य, B बद्दल माझं वाक्य चुकीचं होतं. पण sigma = 0.5 ला n = 30 वर स्क्यूनेस 0.32 येतो. म्हणजे बऱ्यापैकी डेटाला 30 चालतंच की. नियम म्हणून वाईट नाही.

नवखा_पायथनी

मला तर sigma = 1, n = 30 ला एकदम सुंदर बेल कर्व मिळतोय! स्क्यूनेस शून्याच्या जवळ. प्रत्येक सीडला थोडा प्लस-मायनस होतो पण 1.1 वगैरे कधीच नाही. सरासऱ्यांचा पसारा 0.015 येतोय. मी हे वापरलं:

```python
m = rng.lognormal(0, 1, size=(20000, 30)).mean(axis=0)
```

गुणोत्तर

नवखा, `axis=0`. तुम्ही 30-30 च्या 20 हजार सरासऱ्या घेतल्याच नाहीत, 20-20 हजारांच्या 30 सरासऱ्या घेतल्यात. `m.shape` छापा, `(30,)` येईल. हवं होतं `(20000,)`.

पसाऱ्यावरूनही हे लगेच कळतं आणि ही सवय लावून घ्या. या वितरणाचं प्रमाण विचलन 2.161 आहे. n = 30 ला सरासऱ्यांचा पसारा 2.161 / √30 = 0.395 यायला हवा. तुम्हाला 0.015 आला, तो 2.161 / √20000 आहे. आकार बघण्याआधी पसारा ताडून बघायचा. पसारा जुळत नसेल तर आकाराबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

अजून एक खड्डा याच ओळीत आहे. `lognormal(0, 1)` मधले 0 आणि 1 हे उत्पन्नाची सरासरी आणि विचलन नव्हेत, ते उत्पन्नाच्या लॉगचे आहेत. सरासरी 3 आणि विचलन 2 हवं म्हणून `lognormal(3, 2)` लिहिलं तर सरासरी e⁵ म्हणजे 148 च्या वर जाते. सरासरी M आणि विचलन S हवं असेल तर sigma² = ln(1 + S²/M²) आणि mu = ln M − sigma²/2.

नवखा_पायथनी

हो, `(30,)`च आलं. axis=1 केल्यावर पसारा 0.394, स्क्यूनेस 1.1. आता आलेखवेडी यांच्यासारखंच दिसतंय.

एक विचारू? n = 1000 चा आलेख मला एक सुईसारखा उभा दांडा दिसतो. त्यात नॉर्मल काय बघायचं?

गुणोत्तर

तुम्ही सगळे आलेख एकाच आडव्या अक्षावर काढलेत. n = 1000 ला पसारा 0.068 आहे, 0 ते 8 च्या अक्षावर तो दांडाच दिसणार. उलट सॉफ्टवेअरला अक्ष स्वतः ठरवू दिला तर सगळे आलेख सारख्याच रुंदीचे दिसतात आणि पसारा आकुंचन पावतो हेच लपतं. शिकवताना दोन वेगळ्या आकृत्या काढाव्यात. पहिलीत अक्ष एकच ठेवून आकुंचन दाखवायचं. दुसरीत प्रत्येक सरासरीतून 1.649 वजा करून 2.161/√n ने भागायचं आणि वर नॉर्मलची रेघ ओढायची. ही दुसरी आकृती प्रमेयाची. पहिली तर मोठ्या संख्यांच्या नियमाची, आणि लोक दोघांची सर्रास गल्लत करतात.

आणि हिस्टोग्रामवर फार विसंबू नका. मधला फुगवटा सगळ्यांचाच सारखा दिसतो, फरक शेपटांत असतो आणि तिथे दांडे इतके बुटके असतात की दिसत नाहीत. क्यू-क्यू प्लॉट काढा. n = 100 चा हिस्टोग्राम 'झालं की नॉर्मल' असं म्हणायला लावतो, पण क्यू-क्यू प्लॉटवर तो दोन्ही टोकांना रेषेच्या वर वळलेला स्पष्ट दिसतो: उजवं टोक जास्त लांब, डावं टोक जास्त आखूड.

कोरडी_ओळ

चर्चा छान आहे. माझ्याकडे 5000 कुटुंबांच्या उत्पन्नाची फाइल आहे. 5000 म्हणजे 956 च्या कितीतरी पुढे, म्हणजे माझा डेटा नॉर्मल धरायला हरकत नाही ना? मला 'अतिश्रीमंत' गट काढायचा आहे, सरासरी अधिक दोन विचलनं असा कट लावणार आहे. वरचे साधारण 2.3 टक्के मिळायला हवेत.

समाकलन

कोरडी_ओळ, हरकत आहे. 5000 उत्पन्नं ही 5000 तिरपी उत्पन्नंच राहतात. 50 लाख घेतली तरी तिरपीच, उलट तिरपेपणा अधिक ठळक दिसेल. नॉर्मलच्या जवळ जाते ती त्या 5000 ची *सरासरी*, आणि ती तुमच्याकडे एकच आहे. तिचं वितरण फाइलमध्ये कुठे दिसत नाही. असे 5000 चे नमुने पुन्हा पुन्हा घेतले असते तर ती किती हलली असती, त्याचं ते वितरण आहे.

तुमचा कट वरच्या मॉडेलवर लावून बघू. सरासरी अधिक दोन विचलनं म्हणजे 1.649 + 4.322 = 5.97. त्याच्या वर 2.3 नाही, 3.7 टक्के लोक आहेत. आणि सरासरी वजा दोन विचलनं उणे 2.67 येतं, म्हणजे तुमच्या नॉर्मल चित्रात काही लोकांचं उत्पन्न ऋण आहे. वरचे 2 टक्के हवे असतील तर फाइल उतरत्या क्रमाने लावा आणि पहिली 100 कुटुंबं घ्या. त्याला कुठलंच प्रमेय लागत नाही.

कोरडी_ओळ

मग 5000 चा उपयोग काय झाला?

समाकलन

सरासरी किती नेमकी आहे हे सांगता येतं. या मॉडेलमध्ये 5000 ला प्रमाण त्रुटी 0.031 आहे, म्हणजे सरासरी साधारण ±0.06 पर्यंत माहीत आहे. तुमचा प्रश्न तो नव्हता एवढंच.

आलेखवेडी

थोडं मागे जाते. n = 30 चा तिरपेपणा मला आकृतीत दिसतो, पण विद्यार्थी विचारणार की त्याने *बिघडतं* काय? शेवटी मध्यंतर काढताना आपण t वापरतो, थोडं मोठं येतं, भागतं.

समाकलन

t ने हे भागत नाही, आणि सगळ्या धाग्यात हाच भाग दाखवण्यासारखा आहे. 95 टक्के मध्यंतर प्रत्येक नमुन्यातून काढा आणि खरी सरासरी त्याच्या बाहेर कुठल्या बाजूला पडते ते वेगवेगळं मोजा.

```python
n = 30
x = rng.lognormal(0, 1, size=(B, n))
m = x.mean(axis=1)
h = 2.045 * x.std(axis=1, ddof=1) / np.sqrt(n)
mu = np.exp(0.5)
print((m + h < mu).mean(), (m - h > mu).mean())
```

2.045 हा 29 डिग्रीज ऑफ फ्रीडमचा t आहे. नियमाप्रमाणे दोन्ही आकडे 0.025 यायला हवेत. पहिला, म्हणजे पूर्ण मध्यंतरच खऱ्या सरासरीच्या खाली पडलं, तो 0.11 च्या घरात येतो. दुसरा एक टक्क्याच्याही बराच खाली. 95 टक्के म्हणवणारं मध्यंतर प्रत्यक्षात 88 टक्क्यांच्या आसपास वेळा बरोबर, आणि चुकतं तेव्हा जवळजवळ नेहमी एकाच बाजूला.

गंमत बघा. सरासऱ्यांचं वितरण तर *उजवीकडे* लांब आहे. 2.42 च्या वर, म्हणजे 1.96 प्रमाण त्रुटींच्या पलीकडे, साधारण 4 टक्के सरासऱ्या जातात आणि तितक्याच खाली एक टक्काही नाही. त्यावरून वाटेल की मध्यंतरं जास्त करून वर चुकतील. होतं उलट. कारण आपण खरं विचलन वापरत नाही, नमुन्यातलं s वापरतो, आणि तिरप्या वितरणात सरासरी आणि s एकमेकांना बांधलेले असतात. नमुन्यात एखादा गडगंज माणूस आला की सरासरी वर जाते, पण s ही फुगतो आणि मध्यंतर इतकं रुंद होतं की खरी सरासरी आत सापडते. असा माणूस आलाच नाही तर सरासरी खाली बसते, s लहान राहतो, आणि मध्यंतर अरुंद, आत्मविश्वासाने भरलेलं आणि चुकीचं. `np.corrcoef(m, h)` काढून बघा. नॉर्मल डेटात हा संबंध शून्य असतो.

n = 100 ला एकूण यश 92 च्या आसपास जातं, 1000 ला 94 च्या पुढे.

दशमांश

मग सरळ लॉग घ्या ना. लॉगनॉर्मलचा लॉग नेमका नॉर्मल. n = 5 ला सुद्धा t अचूक. मध्यंतर काढायचं आणि दोन्ही टोकांचं घातांकन करून परत उत्पन्नात आणायचं. सगळा प्रश्न संपला.

गुणोत्तर

मध्यंतर अचूक, पण कशाचं? लॉगच्या सरासरीचं घातांकन केलं की भूमितीय मध्य मिळतो, या मॉडेलमध्ये 1. आलेखवेडी यांना हवं आहे 1.649. तुमचं मध्यंतर 1 ला 95 टक्के वेळा पकडेल आणि n वाढला की 1.649 ला कधीच पकडणार नाही.

प्रश्न 'नेहमीच्या माणसाचं उत्पन्न किती' असेल तर तुमची पद्धत उत्तम, आणि खरं तर तोच प्रश्न जास्त वेळा विचारायला हवा. पण एकूण उत्पन्न काढायचं असेल, लोकसंख्येने गुणायचं असेल, तर सरासरीच लागते. तिथे लॉग चालत नाही.

दशमांश

परत आणताना s²/2 मिळवायचा की मग.

गुणोत्तर

तेव्हा सरासरीचा अंदाज मिळतो, हो. पण तो 'डेटा खरंच लॉगनॉर्मल आहे' या एका पायावर उभा असतो. वरचं शेपूट लॉगनॉर्मलपेक्षा जाड निघालं तर अंदाज कमी येतो, आणि n वाढवूनही तो सुधारत नाही. साध्या सरासरीला हा रोग नाही.

नवखा_पायथनी

बूटस्ट्रॅप?

समाकलन

साधा परसेंटाइल बूटस्ट्रॅप n = 30 ला t पेक्षा बरा ठरत नाही. जो गडगंज माणूस नमुन्यात आलाच नाही, तो पुनर्नमुन्यांतही कुठून येणार? प्रत्येक पुनर्नमुन्यात t चं गुणोत्तर काढून त्याचे परसेंटाइल वापरणारा बूटस्ट्रॅप-t यात चांगला, कारण तो वर सांगितलेला सरासरी आणि s मधला संबंध हिशोबात घेतो. मध्यंतर असमान येतं, उजवीकडे बरंच लांब. कधी कधी हास्यास्पद लांब येतं, तेही सांगून ठेवतो.

वक्ररेषा

उशिरा आलो. एका गोष्टीला कुणी हात लावलेला नाही. उत्पन्नाचा मधला भाग लॉगनॉर्मलसारखा असतो, पण वरचं टोक पॅरेटोसारखं असतं. विल्फ्रेडो पॅरेटोने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्पन्नांच्या तक्त्यांवरूनच ते दाखवलं होतं. पॅरेटोचा घात 2 किंवा त्याहून कमी असेल तर व्हेरिअन्सच अनंत. मग तुमचा 'मूळ स्क्यूनेस भागिले √n' कुठे जाणार?

घात 1.5 घेऊन बघा. खरी सरासरी 3 येते, सांत आहे. व्हेरिअन्स नाही.

```python
y = 1 + rng.pareto(1.5, size=(B, n))
m = y.mean(axis=1)
print(np.subtract(*np.percentile(m, [75, 25])))
print((m < 3).mean())
```

ते `1 +` विसरू नका. नमपायचं `pareto` शून्यापासून सुरू होणारं सरकवलेलं वितरण देतं, एक मिळवला नाही तर सरासरी 3 ऐवजी 2 येते आणि खालची तुलना कोलमडते.

इथे `m.std()` छापू नका, प्रत्येक सीडला वेगळंच काही येईल. म्हणून चतुर्थकांतलं अंतर घेतलंय. लॉगनॉर्मलमध्ये n आठपट केला की हे अंतर जवळपास एक तृतीयांशावर येतं. इथे मोठ्या n ला ते फक्त निम्मं होतं, कारण पसारा 1/√n ने नाही, n च्या घनमुळाने कमी होतो.

दुसरी ओळ मला जास्त आवडते. खऱ्या सरासरीच्या खाली किती टक्के नमुना-सरासऱ्या पडतात? लॉगनॉर्मलमध्ये n = 100 ला साधारण 54 टक्के, n = 1000 ला 51 च्या आसपास, म्हणजे 50 कडे चाललंय. पॅरेटो 1.5 मध्ये हे प्रमाण 50 कडे जातच नाही, दोन तृतीयांशाकडे जातं. n कोटीत नेला तरी दर तीन सर्वेक्षणांपैकी दोन सर्वेक्षणं सरासरी कमी सांगणार. सीमेला वितरण आहे, पण ते नॉर्मल नाही, एका बाजूला झुकलेलं स्थिर वितरण आहे.

आलेखवेडी

हे दोन तृतीयांश भारी आहे, आकृतीत घेणार. पण यामागचं कारण विद्यार्थ्यांना कसं सांगू? क्युम्युलंट त्यांच्या डोक्यावरून जातील.

समाकलन

सगळ्यात मोठ्या एका उत्पन्नाचा वाटा बघायला सांगा. लॉगनॉर्मलमध्ये 30 जणांच्या नमुन्यातला सगळ्यात श्रीमंत माणूस सहसा 7.4 च्या आसपास असतो. 30 जणांची बेरीज साधारण 49.5, म्हणजे एकट्याचा वाटा 15 टक्के. त्याच्या असण्या-नसण्यावर सरासरी झुलते, म्हणून तिरपेपणा. 1000 जणांत सगळ्यात श्रीमंत 24-25 चा, बेरीज 1649, वाटा दीड टक्का. आता सरासरी कुणा एकाची नाही. लिंडेबर्गची 1922 ची अट साध्या शब्दांत हेच म्हणते: एकूण चढउतारात कुणा एकाचा वाटा नगण्य व्हायला हवा.

पॅरेटो 1.5 मध्येही बेरजेतला वाटा कमी होतो, पण बेरजेतले *चढउतार* ज्या वेगाने वाढतात त्याच वेगाने सगळ्यात मोठं उत्पन्नही वाढतं. म्हणून पहिल्या काही माणसांचा वरचष्मा कधी सुटत नाही. `x.max(axis=1)**2 / (x**2).sum(axis=1)` ची सरासरी n वाढवत छापा. लॉगनॉर्मलमध्ये ती घसरत जाते, अर्थात हळू. पॅरेटोत एका पातळीवर अडकून राहते.

कोरडी_ओळ

माझ्या फाइलमध्ये एका मर्यादेच्या वरची सगळी उत्पन्नं त्या मर्यादेलाच लिहिली आहेत. मग तर अनंत व्हेरिअन्सचा प्रश्नच येत नाही, बरोबर?

वक्ररेषा

बरोबर, आणि म्हणूनच सावध राहा. वर मर्यादा घातली की व्हेरिअन्स सांत होतो, प्रमेय लागू पडतं, सरासऱ्या सुंदर नॉर्मल दिसतात, मध्यंतरही शहाण्यासारखं वागतं. फक्त ते सगळं मर्यादा घातलेल्या उत्पन्नाच्या सरासरीभोवती असतं, आणि ती खऱ्या सरासरीपेक्षा कमी आहे. किती कमी, ते त्या फाइलमधून कळणार नाही.

गुणोत्तर

वक्ररेषा, तुमचा मुद्दा तत्त्वतः मान्य. पण 400 जणांचा नमुना हातात आहे, शेपूट लॉगनॉर्मलचं की पॅरेटोचं हे कसं ठरवायचं? सिम्युलेशनमध्ये आपल्याला उत्तर माहीत असतं.

वक्ररेषा

वरच्या काही निरीक्षणांवरून हिलचा अंदाज काढायचा, किती निरीक्षणं घेतली त्याप्रमाणे तो कसा बदलतो त्याचा आलेख काढायचा, स्थिर पट्टा दिसला तर घात तिथे.

गुणोत्तर

400 मध्ये वरचे 5 टक्के म्हणजे 20 निरीक्षणं. हिलच्या अंदाजाची प्रमाण त्रुटी घात भागिले √20. अंदाज 2 आला तर ±0.45, म्हणजे 95 टक्क्याला साधारण 1.1 ते 2.9. यात अनंत व्हेरिअन्सही बसतो आणि सांतही. शिवाय sigma = 1 च्या लॉगनॉर्मलचं शेपूट 20 निरीक्षणांत पॅरेटोसारखंच दिसतं, आणि आणखी निरीक्षणं घ्यावीत तर मधला भाग आत शिरतो.

वक्ररेषा

म्हणून तर मी पॅरेटो धरून चालतो. चूक झाली तर मध्यंतर उगाच रुंद येईल, एवढंच.

समाकलन

'एवढंच' नाही. घात 1.5 धरलात तर 400 वर काढलेलं मध्यंतर इतकं रुंद असेल की कुणी वापरणार नाही. माझा कल वेगळा आहे: सरासरीसोबत मध्यक द्या, वरच्या पाच निरीक्षणांचा बेरजेतला वाटा छापा, आणि ती पाच काढून सरासरी किती सरकते ते दाखवा. प्रमाण त्रुटीपेक्षा जास्त सरकत असेल तर त्या मध्यंतराला 95 टक्के म्हणू नये.

दशमांश

पाच का? वरचा एक टक्का घेतला तर 400 ला चारच होतात.

समाकलन

चार घ्या.